प्रोफाइल फोटो चौकोनी करताना डोकी उडतात. चेहरा बघून क्रॉप करण्याचं गणित तुम्ही कसं बसवता?

अर्धविराम (धागाकर्ती), सोमवार रात्री ९.४०

आमच्या संस्थेच्या सभासद-यादीचं पान मी सांभाळते. साधारण नऊशे माणसं आहेत आणि फोटो ज्याने त्याने स्वतः चढवलेला. पानावर तो ४०० × ४०० चौकोनात जातो, वर गोल मास्क बसतो. मूळ कोडमध्ये `ImageOps.fit` होतं, म्हणजे बरोबर मधला चौकोन. परिणाम तुम्ही ओळखलाच असेल. उभ्या फोटोत माणूस वरच्या भागात असतो, त्यामुळे यादीत बऱ्याच जणांची छाती, गळा आणि शर्टाची बटणं दिसतात, कपाळावरचं सगळं गायब.

मग मी ओपनसीव्हीचं हार कॅस्केड लावलं. ते चेहऱ्याभोवती चौकट देतं, ती चौकट मध्यबिंदू तोच ठेवून १.४ पट मोठी केली आणि तेवढं कापलं. आता चेहरा सापडतो, पण केस उडतात. सगळे हेल्मेट काढल्यासारखे सपाट डोक्याचे दिसतायत. १.४ चं १.६ केलं, थोडा फरक पडला, पण काहींचं अजूनही उडतंच. हा आकडा किती ठेवायचा? की मुळातच चुकतंय?

ठिपके, सोमवार रात्री १०.०५

एवढा खटाटोप कशाला? फोटो कापूच नका. सीएसएसमध्ये एक ओळ:

```css
img { object-fit: cover; object-position: 50% 20%; }
```

मधला चौकोन घेण्याऐवजी वरच्या बाजूचा घेतला जातो. दहातले नऊ फोटो सुटतील. चेहरा शोधायची गरजच नाही.

तिरपा_कोन, सोमवार रात्री १०.५०

ठिपके, तात्पुरता उपाय म्हणून चांगला आहे आणि चेहरा सापडलाच नाही तर मी स्वतः हेच करतो. पण ही ओळ चौकोन फक्त वरखाली सरकवते, मोठं करत नाही. मोबाइलचा उभा फोटो घ्या, ३०२४ × ४०३२. त्यात कमरेपर्यंत उभा माणूस आहे आणि डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण ७५० पिक्सेल. तुमचा चौकोन ३०२४ चा, म्हणजे डोकं त्याच्या पाव भागाएवढं. यादीत ४८ पिक्सेलचा गोल असेल तर डोकं १२ पिक्सेलचं. डोकं शाबूत आहे, पण कोणाचं ते कळत नाही.

अर्धविराम, तुमचा प्रश्न आकड्याचा नाही, मध्यबिंदूचा आहे. हार कॅस्केडची चौकट डोक्याची नसते, चेहऱ्याची असते. कपाळाच्या मध्यावर कुठेतरी सुरू होते आणि हनुवटीपाशी संपते. वरचं अर्धं कपाळ आणि केस त्या चौकटीच्या हिशेबात नाहीतच. ती चारही बाजूंनी सारखी वाढवली की खाली मान वाढते, बाजूला भिंत वाढते, आणि वर मात्र जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथेही तेवढीच वाढते.

तोच फोटो आकड्यांत बघा. समजा चौकटीची वरची कड ६४० वर, खालची ११३० वर. म्हणजे ४९० चा चौकोन, मध्य ८८५. १.४ पट केला की ६८६, वरची कड गेली ५४२ वर. केसांचं टोक आहे ३८० वर. १६२ पिक्सेल केस गेले. याच पद्धतीने केस वाचवायचे तर पट २.०६ लागते, आणि तरीही केस कडेला चिकटलेलेच. पट वाढवत बसलात तर चेहरा लहान होत जातो आणि मोकळी जागा सगळी हनुवटीखाली जमते.

अर्धविराम, सोमवार रात्री ११.१०

अच्छा! म्हणजे मी मानेला जागा देत होते. मग चौकट वर सरकवायची का? किती?

रिकामटेकडा, सोमवार रात्री ११.३०

मी `sharp` वापरतो, त्यात `attention` नावाचा पर्याय आहे. तो आपोआप महत्त्वाचा भाग शोधतो. लावून बघा, झोप येईल.

तिरपा_कोन, मंगळवार सकाळी ७.१५

रिकामटेकडा, त्या पर्यायाला चेहरा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. तो ठळक कडा, भडक रंग आणि त्वचेसारखा रंग शोधतो, आणि त्वचेचा रंग एका ठरावीक नमुन्याशी ताडतो. माणसाच्या अंगात लालभडक स्वेटर असेल तर स्वेटर जिंकतो. मागे लाकडी दार असेल तर दार. आणि सगळ्यांची त्वचा त्या एका नमुन्याजवळ नसते, हा त्यातला खरा दोष. ठळक भाग शोधून कापण्याच्या ट्विटरच्या पद्धतीवर २०२० मध्ये याच मुद्द्यावरून गदारोळ झाला होता, काही चेहरे वगळून काही निवडले जातात म्हणून. मे २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच्या तपासणीत फरक असल्याचं मान्य केलं आणि फोटो पूर्ण दाखवायला सुरुवात केली. निसर्गचित्राची लघुप्रतिमा करायला `attention` ठीक, माणसांच्या यादीला नको.

अर्धविराम, चौकट सरकवण्यापेक्षा चौकट सोडूनच द्या. डोळे आणि तोंड पकडा. ओपनसीव्हीत `cv2.FaceDetectorYN` आहे, तो चौकटीबरोबर पाच बिंदू देतो: दोन डोळे, नाकाचा शेंडा, ओठांची दोन टोकं. चौकट कुठे सुरू होते हे प्रत्येक डिटेक्टरचं वेगळं असतं, डोळे मात्र सगळ्यांचे डोळ्यांवरच असतात.

मोठ्या माणसाच्या डोक्यात डोळे जवळजवळ मधोमध असतात. चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात ते हेच: डोळ्यांपासून हनुवटी जितकी खाली, तितकीच टाळू वर. म्हणजे न दिसणारी टाळू दिसणाऱ्या डोळ्यांवरून काढता येते. मी असं करतो:

```python
eye = (eye_a + eye_b) / 2
mouth = (mouth_a + mouth_b) / 2
down = mouth - eye
n = np.linalg.norm(down)
u = max(np.linalg.norm(eye_b - eye_a), n)
crown = eye - 1.9 * u * down / n
chin = eye + 1.75 * u * down / n
side = 6 * u
left = (crown[0] + chin[0]) / 2 - side / 2
top = eye[1] - 0.45 * side
```

`u` हे माझं माप. दोन डोळ्यांतलं अंतर आणि डोळे ते तोंड हे अंतर, दोन्हींत मोठं असेल ते. समोरून बघताना दोन्ही जवळपास सारखीच असतात. माणूस बाजूला वळला की डोळ्यांतलं अंतर आक्रसतं, पण डोळे ते तोंड तसंच राहतं. खाली बघितलं की उलट. मोठं घेतलं की दोन्हीकडून वाचतो. दोन्ही एकदम झालं, म्हणजे बाजूला वळून खाली बघतोय, तर मात्र माप लहान येतं आणि क्रॉप घट्ट होतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

वरच्या फोटोत डोळे (१५००, ७६०) वर, तोंड ९७० वर, `u` २१०. टाळूचा अंदाज ३६१, खरं टोक ३८०. चौकोन १२६०, वरची कड १९३ वर. डोक्यावर १६८ पिक्सेल मोकळे, हनुवटी चौकोनाच्या तीन चतुर्थांशाच्या जरा वर. डोकं चौकोनाच्या साठ टक्क्यांएवढं. ४८ च्या गोलात २९ पिक्सेल, ओळखू येतं.

जुनी_लेन्स, मंगळवार सकाळी ९.००

तीस वर्षं माणसांचे फोटो काढतोय, म्हणून बोलतो. डोक्यावर एवढी मोकळी हवा ठेवणं ही नवशिक्याची खूण आहे. जवळून घेतलेल्या फोटोत केस थोडे कापले तर काही बिघडत नाही, आम्ही मुद्दाम कापतो. हनुवटी कापली तर मात्र माणूस पाण्यात बुडतोय असं वाटतं. तुमचं यंत्र केस वाचवायला हनुवटीचा बळी देत असेल तर ते चूक.

अर्धविराम, मंगळवार सकाळी ९.२०

जुनी_लेन्स, तुम्ही म्हणता ते एकेका फोटोला पटतं. पण यादीत शंभर गोल शेजारी शेजारी असतात, आणि त्यात एकाचे केस कापलेले नि बाकीच्यांचे शाबूत असले की तो एकच खुपतो. तक्रारीही त्याच येतात, 'माझं डोकं कुठाय' म्हणून. 'माझ्या डोक्यावर हवा जास्त आहे' असं आजवर कोणी कळवलेलं नाही. :)

जुनी_लेन्स, मंगळवार सकाळी ९.३५

ते कळवणार नाहीत. मनातल्या मनात म्हणतील.

फक्त_वाचक, मंगळवार दुपारी १.१०

माझाही असाच त्रास आहे. मी एका ठिकाणी सहलीचा ग्रुप फोटो चढवला, त्यांनी माझा चेहरा बरोबर शोधला, डोकंही पूर्ण आहे, पण फोटो इतका धूसर आला की मीच मला ओळखलं नाही. मूळ फोटो एकदम स्पष्ट होता. हा चेहरा शोधण्याचा दोष का?

तिरपा_कोन, मंगळवार दुपारी २.००

धागा डोक्यांचा आहे, पण प्रश्न कामाचा आहे, कारण माझ्या कोडमध्ये हाच खड्डा आहे. ग्रुप फोटोत तुमच्या डोळ्यांत समजा १५ पिक्सेल अंतर. चौकोन सहापट, म्हणजे ९० पिक्सेल. तो ताणून ४०० केला, आता साडेचार पट ताणल्यावर धूसरच होणार. म्हणून चौकोनाला किमान मर्यादा हवी: जेवढा दाखवायचा त्याहून लहान कापायचा नाही. `side = max(6 * u, 400)`. मग तुमच्यासोबत शेजारचे दोघं येतील, पण फोटो स्पष्ट राहील.

आणि ग्रुप फोटोत कोणाचा चेहरा घ्यायचा हा प्रश्न यंत्राने सोडवायचाच नाही. सगळ्यात मोठा चेहरा मी घेतो, पण दुसरा त्याच्या निम्म्याहून मोठा असेल तर चढवणाऱ्यालाच विचारतो.

रिकामटेकडा, मंगळवार दुपारी २.२५

आमच्याकडे एकाच्या टी-शर्टवर एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला होता. यादीत महिनाभर तोच गायक सभासद होता. कोणाला कळलंसुद्धा नाही, उलट दोघांनी फोटो छान आलाय म्हणून सांगितलं.

अर्धविराम, मंगळवार रात्री १०.३०

कोड लावलं. ज्यांचं जमलं त्यांचं अप्रतिम जमलं. पण आता नवीनच प्रकार. साधारण तिसरा हिस्सा फोटोंमध्ये नुसता कान, किंवा आभाळ, किंवा खांद्याचा तुकडा येतोय. डिटेक्टर चौकट दाखवतो तेव्हा ती चेहऱ्यावर बरोबर बसलेली असते! मग कापताना कुठे जातं? आकार तपासले, दोन्हीकडे ४०३२ आणि ३०२४ च छापून येतंय.

तिरपा_कोन, मंगळवार रात्री १०.४५

बिघडलेले सगळे मोबाइलवर काढलेले आहेत आणि स्क्रीनशॉट किंवा संगणकावरून चढवलेले सगळे ठीक आहेत, असं आहे का? आणि डिटेक्टरला फोटो `cv2.imread` ने देता, पण कापता पिलोने?

अर्धविराम, मंगळवार रात्री १०.५०

दोन्ही हो. तुम्ही माझ्या संगणकात बसलायत का?

तिरपा_कोन, मंगळवार रात्री ११.१०

याच खड्ड्यात मी पडलोय. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी बऱ्याचदा फाइलमध्ये पिक्सेल आडवेच साठवलेले असतात आणि सोबत एक्झिफमध्ये चिठ्ठी असते: 'दाखवताना फिरवा'. `cv2.imread` ती चिठ्ठी वाचून फोटो फिरवून देतं. पिलो तसं करत नाही, आडवाच देतं. म्हणजे बिंदू काढले उभ्या फोटोवर आणि कात्री चालवली आडव्यावर.

आकडे सारखे दिसले ही तर खास गंमत. ओपनसीव्हीचं `shape` आधी उंची सांगतं, मग रुंदी. पिलोचं `size` आधी रुंदी, मग उंची. उभ्या फोटोचं `shape` (4032, 3024, 3) आणि त्याच आडव्या पडलेल्या फोटोचं `size` (4032, 3024). छापून बघितलं की दोघांचं एकमत झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एक उभा, एक आडवा.

फोटो एकदाच उघडायचा, एकदाच सरळ करायचा, आणि तोच दोघांना द्यायचा:

```python
img = ImageOps.exif_transpose(Image.open(path)).convert("RGB")
bgr = np.array(img)[:, :, ::-1].copy()
```

`bgr` डिटेक्टरला, `img` कात्रीला. डिटेक्टरला द्यायच्या आधी फोटो लहान करत असाल तर `setInputSize` मध्येही तोच लहान आकार द्या आणि आलेले बिंदू त्याच प्रमाणात परत मोठे करा.

बाळूची_आई, बुधवार सकाळी ८.२०

मला कोड कळत नाही, पण एक विचारू का? आमच्या पालकांच्या गटासाठी कोणीतरी असंच काहीतरी वापरून मुलांच्या फोटोंचे गोल केले. मोठ्यांचे सगळे नीट आले. तान्ह्यांची मात्र डोकी वर पार गोलाच्या कडेला जाऊन टेकली, दोघांची तर जराशी कापलीही गेली. काय कारण असेल? बाळांना केससुद्धा नाहीत हो.

तिरपा_कोन, बुधवार सकाळी ९.०५

बाळूची_आई, कारण केस नाही, कवटी. डोळे मधोमध असतात हे मोठ्या माणसाचं. तान्ह्या बाळाची कवटी मोठी आणि चेहरा लहान असतो, त्यामुळे डोळे मध्याच्या बरेच खाली येतात. १.९ ने काढलेली टाळू बाळाच्या कपाळातच संपते. मग यंत्राला वाटतं वर भरपूर जागा आहे. बाळांसाठी १.९ वाढवून अडीचच्या आसपास ठेवा आणि चौकोनही त्या प्रमाणात मोठा घ्या. हा आकडा मी नजरेने ठरवलाय, मोजून नाही.

ठिपके, बुधवार सकाळी १०.१५

मला एक दिसतंय. माणूस फोटोच्या वरच्या कडेला असेल तर `top` उणे येईल. मग काय? मी तर म्हणतो चौकोन लहान करत जा, मावेपर्यंत.

तिरपा_कोन, बुधवार सकाळी ११.००

उणे आलं तर पिलो कुरकुर न करता काळी पट्टी भरून देतं, आणि नम्पायमध्ये उण्या आकड्याने काप घेतला तर बहुतेक वेळा रिकामा तुकडा मिळतो. म्हणून आधी तपासायलाच हवं.

पण लहान करणं ही पहिली पायरी नव्हे. आधी सरकवा. डोळे ४०० वर असतील तर `top` येतं उणे १६७. चौकोन तेवढाच ठेवून शून्यावर आणा. डोकं वरच्या कडेला टेकेल, पण कापलं जाणार नाही. चौकोन लहान केलात तरी डोकं तिथेच टेकलेलं राहणार, कारण फोटोच तिथे संपतो. फायदा काही नाही, चेहरा मात्र उगाच मोठा.

रिकामटेकडा, बुधवार सकाळी ११.१५

पण गोल मास्क आहे ना? वरच्या कडेला टेकलेलं डोकं गोलात कापलं जाणारच.

तिरपा_कोन, बुधवार दुपारी १२.४०

मलाही तसंच वाटायचं, पण कागदावर काढून बघितलं तर नाही. डोकं आडवं मधोमध असेल तर तो मोठ्या गोलात वरून टेकलेला छोटा गोल असतो. छोटा गोल मोठ्याच्या आतच राहतो. दिसायला छताला चिकटल्यासारखं दिसतं, पण कापलं जात नाही.

कापलं जातं ते डोकं कोपऱ्यात असेल तेव्हा. सेल्फीत माणूस वर डावीकडे आणि मागे देखावा, असं असतं ना, तसं. समजा डोळे (४००, ४००) वर. डावीकडेही सरकवावं लागतं, वरही. १२६० चा चौकोन (०, ०) पासून सुरू, मध्य (६३०, ६३०), गोलाची त्रिज्या ६३०. आता डोक्याच्या डाव्या बाजूचा बिंदू घ्या, टाळूच्या जरा खाली, साधारण (२६६, ६३). मध्यापासून त्याचं अंतर ६७४. त्रिज्येच्या बाहेर. चौकोनात डोकं पूर्ण, गोलात डावी बाजू तिरकी उडालेली.

आणि ठिपके, इथे तुमचं खरं आहे. इथे सरकवायला जागाच उरली नाही, तर लहान करणंच कामाला येतं. चौकोन १००० चा केला तर मध्य (५००, ५००), त्या बिंदूचं अंतर ४९६, त्रिज्या ५००. बसलं, काठोकाठ. डोकं आता तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त जागा व्यापतं, चालेल. तेव्हा मी माझं वाक्य सुधारतो: वरची कड आड येत असेल तर सरकवा, कोपरा आड येत असेल तर लहान करा.

ठिपके, बुधवार दुपारी १२.५०

हे वाक्य मी जपून ठेवतोय. :)

जुनी_लेन्स, बुधवार दुपारी ३.३०

आणि ज्याने स्वतःच फोटो इतका जवळून काढलाय की डोकं फोटोच्या रुंदीपेक्षा उंच आहे? हल्ली सेल्फी सगळे तसेच. चौकोनात डोकं मावणारच नाही. तिथे काय करता, ते सांगा. तिथे माझाच नियम लागेल की नाही?

तिरपा_कोन, बुधवार दुपारी ४.१०

लागेल, किंवा पॅडिंग. मी बाजूला पट्ट्या भरून पूर्ण डोकं ठेवतो. साधी भिंत असेल तर कडेचाच रंग `cv2.copyMakeBorder` ने `BORDER_REPLICATE` वापरून पसरतो. पण वरच्या कडेला केस टेकलेले असतील तर वर हे करू नका, केसांच्या उभ्या काळ्या रेघा आभाळापर्यंत जातात. `BORDER_REFLECT` तर मुळीच नको. डोक्यावर दुसरं उलटं डोकं उगवतं, ते बघून माझी मुलगी दोन दिवस हसत होती.

जुनी_लेन्स, बुधवार दुपारी ४.२५

पट्ट्या भरलेल्या फोटोला मी फोटो म्हणत नाही. केस कापा आणि मोकळे व्हा.

अर्धविराम, गुरुवार रात्री ९.१५

प्रगती सांगते. एक्झिफची ओळ टाकल्यावर कान आणि आभाळ गेलं. नऊशे फोटो डोळ्यांनी तपासणं शक्य नव्हतं, म्हणून कोडलाच काही खुणा करायला सांगितल्या: चौकोन सरकवावा लागला, लहान करावा लागला, दोन चेहरे तुल्यबळ निघाले किंवा चेहरा सापडलाच नाही, तर तो फोटो वेगळ्या ढिगात. तो ढीग गोल मास्क लावून एका पानावर दहा दहाच्या ओळींत छापला. अशा तक्त्यावर कापलेलं डोकं लांबूनही टोचतं, एकेक फोटो उघडून बघताना ते सुटायचं.

त्या ढिगात मला तीन गोष्टी दिसल्या. चेहरा न सापडलेल्यांत बरेच खरोखर माणसंच नव्हती: मांजर, बोधचिन्ह, डोंगराकडे पाठ करून उभी व्यक्ती. बोधचिन्ह कापलं तर अक्षरं जातात, म्हणून ते न कापता पूर्ण ठेवलं, बाकीच्यांना ठिपके यांची २० टक्क्यांची ओळ. उरलेल्या काही जणांचे चेहरे स्पष्ट दिसत होते, तरी सापडले नव्हते. बहुतेकांच्या मागे खिडकी, चेहरा अंधारात. `FaceDetectorYN` ची मूळ खात्री-मर्यादा ०.९ आहे, ती ०.७ केल्यावर त्यातले बरेच सापडले, पण एका पडद्याच्या नक्षीतही चेहरा सापडला.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. जुन्या कोडने मधला चौकोन कापून मूळ फाइलवरच लिहिला होता. म्हणजे शंभरेक जणांची डोकी सर्व्हरवरही नाहीत. त्यांना परत फोटो मागावा लागणार. आता मूळ फाइलला हात लावत नाही, फक्त `left`, `top` आणि `side` हे तीन आकडे जपते आणि ज्याला पटत नाही त्याला बोटाने चौकोन हलवू देते.

तिसरी सुटलेली नाही. उंच टोप्या, डोक्यावर बांधलेले अंबाडे, फुललेले कुरळे केस. १.९ ला त्यांचा पत्ता नाही.

बाळूची_आई, गुरुवार रात्री ९.३०

माझ्या नणंदेचे केस तसे आहेत. तिच्या प्रत्येक गोल फोटोत ती टोपी घालून दार लावलेल्या खोलीत बसल्यासारखी दिसते.

तिरपा_कोन, गुरुवार रात्री १०.१०

पाच बिंदूंवरून टोपी कळणं शक्य नाही, सगळे बिंदू भुवयांच्या खालचे. माणूस आणि पार्श्वभूमी वेगळी करणारं मॉडेल चालवून डोळ्यांच्या सरळ वर माणूस कुठे संपतो ते बघता येतं. मी करून बघितलं. कुरळ्या केसांना ते छान चाललं. टोपीला कधी चाललं, कधी टोपी पार्श्वभूमीत गेली. हात डोक्यावर घेतलेल्या माणसाला तर कोपरापर्यंत उंच समजलं. सध्या मी हे फक्त १.९ पेक्षा जास्त उंची आली तरच मानतो, कमी आली तर दुर्लक्ष करतो, आणि ३ च्या वर जाऊ देत नाही.

अर्धविराम, गुरुवार रात्री १०.२५

३ च्या वर म्हणजे आमच्या एका सभासदाची स्वयंपाकघरातली पांढरी उंच टोपी जाणारच. तो फोटो मी हाताने केला. टोपी पूर्ण आली, चेहरा वाटाण्याएवढा झाला. त्यांना विचारलं काय ठेवू. म्हणाले, टोपी.